तापानंतरचा कान : गोळीने सुधारला की आपोआप?



जानेवारी २०२२ मध्ये आमच्या महाविद्यालयाचे वर्ग पुन्हा ऑनलाइन भरत होते, तेव्हा मला कोविड झाला. ताप तीन दिवसांत उतरला. आठव्या दिवशी हेडफोन लावून तास घेत होतो, तेव्हा डाव्या बाजूने येणारा मुलांचा आवाज पातळ वाटू लागला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हेडफोन उलटे घालून पाहिले. बिघाड हेडफोनमध्ये नव्हता. रात्री दिवे मालवल्यावर त्याच कानात एक बारीक शिटी ऐकू येऊ लागली, आणि ती सकाळपर्यंत थांबली नाही.

घरचे म्हणाले, सर्दीने कान बसला असेल, वाफ घे. मलाही ते पटले. शिवाय फोन डाव्या कानाला लावून पाहिला, तर पलीकडचे बोलणे बऱ्यापैकी कळत होते. अशा समजुतीत मी पाच दिवस घालवले.

मी डॉक्टर नाही, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पण त्या पाच दिवसांनंतर मला जे वाचावे लागले, त्यात एका साध्या प्रश्नाचा फार चांगला इतिहास सापडला. आजारानंतर गेलेले ऐकणे परत येते, तेव्हा ते औषधाने येते की आपले आपण? हा प्रश्न सोडवायला वैद्यकाला काय काय करावे लागले, ते या टिपणात पाहू.

नादकाट्याने केलेली पहिली वाटणी

फ्लू किंवा कोविडनंतर कमी ऐकू येण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात. पहिले कारण मध्यकर्णातले. घशातून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी सुजून बंद होते, पडद्यामागची हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि कधी तिथे पाणीही साचते. ध्वनी आत पोचायलाच अडथळा होतो. कान भरल्यासारखा वाटतो, गिळताना टक् असा आवाज होतो, स्वतःचे बोलणे डोक्यात घुमते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत जातो.

दुसरे कारण अंतर्कर्णातले. तिथे कॉक्लिया नावाच्या शंखासारख्या नळीत केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. त्या कंपनाचे विद्युत संदेशात रूपांतर करतात. या पेशी किंवा त्यांची नस दुखावली तरीही माणसाला कान भरल्यासारखाच वाटतो. गोंधळ होतो तो इथे. तक्रार सारखीच असते, पण पहिल्या प्रकारात वाट पाहणे चालते आणि दुसऱ्यात दिवस मोजावे लागतात.

हा फरक ओळखण्याची युक्ती जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८३४ मध्ये नोंदवले, की वाजता नादकाटा डोक्याच्या मधोमध टेकवला आणि एक कान बोटाने बंद केला, तर आवाज त्या बंद कानातच मोठा वाटतो. वेबर यांना त्यात रोगनिदान दिसले नव्हते. ड्रेस्डेनचे डॉक्टर एडुआर्ड श्माल्झ यांनी ते पुढे १८४५ मध्ये दाखवून दिले. दोष ध्वनीच्या वाटेत असेल, तर कपाळावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज आजारी कानात मोठा वाटतो. दोष अंतर्कर्णात असेल, तर तो चांगल्या कानाकडे सरकतो.

तुमच्याजवळ नादकाटा नसेल, तर ओठ मिटून ‘म्म्म’ असा सूर धरा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते बघा. तत्त्व तेच आहे. मात्र ही पक्की तपासणी नव्हे, फक्त घाई करायची की नाही याचा इशारा आहे.

मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून ५१२ हर्ट्झचा नादकाटा मागून घेतला. कपाळावर टेकवला, तर आवाज स्वच्छपणे उजव्या कानात गेला. म्हणजे ही सर्दी नव्हती, आणि वाफेचे काम उरले नव्हते.

मोजमाप आले तेव्हा

१९१८ च्या फ्लूच्या साथीतही कानाची दुखणी पुष्कळ झाली. त्या काळच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्यावरचे रक्ताळलेले फोड, मध्यकर्णातला पू, कानामागच्या हाडातला संसर्ग यांची वर्णने केलेली आहेत, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसत. अंतर्कर्ण हाडाच्या आत दडलेला असतो, आणि ऐकणे नेमके किती कमी झाले हे सांगणारे यंत्र दवाखान्यांत नव्हते. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विक्रीयोग्य ऑडिओमीटर काढला तो १९२२ मध्ये. म्हणजे त्या साथीने किती जणांचा अंतर्कर्ण दुखावला, हे मोजण्याचे साधन साथ सरल्यावर आले.

ऑडिओमीटर प्रत्येक वारंवारतेचा शुद्ध सूर हळूहळू मंद करत नेतो आणि तुम्हाला जेमतेम ऐकू येणारी पातळी डेसिबलमध्ये टिपतो. आलेख उलटा असतो. शून्य वर, आणि रेघ जितकी खाली तितके ऐकणे कमी. साधारण २० डेसिबलपर्यंत ठीक समजतात. माझा उजवा कान त्या मर्यादेत होता. डाव्या कानाचे आकडे २००० हर्ट्झला ४०, ३००० ला ५० आणि ४००० ला ५५ असे आले. खालच्या सुरांची घट त्यामानाने कमी होती.

फोनने मला का फसवले, ते आता तुमच्या लक्षात येईल. साध्या टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच असते. माझ्या कानाचा जो भाग सर्वांत जास्त बिघडला होता, तो फोन मुळात पाठवतच नव्हता. दळणवळण प्रणाली शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते!

बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या तीन वारंवारतांवर, निदान ३० डेसिबलची घट झाली आणि दोष अंतर्कर्णातला असला, तर तिला ‘अचानक आलेला बधिरपणा’ म्हणायचे, अशी प्रचलित व्याख्या आहे. तीस डेसिबल म्हणजे ध्वनीच्या शक्तीत हजारपट फरक. निरोगी माणसांना अकस्मात येणाऱ्या अशा बधिरपणाचे वर्णन डच डॉक्टर द क्लेन यांनी १९४४ मध्ये केले, आणि तेव्हापासून हा वेगळा आजार मानला जाऊ लागला. मागाहून, १९८६ मध्ये, हॅरोल्ड शुक्नेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कानाच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नुकसानीची ठेवण रक्तपुरवठा तुटल्यासारखी नसून विषाणूने झालेल्या दाहासारखी आहे, असे त्यांचे मत पडले. विषाणूचा संशय असा जुना आहे. कोविड त्यात उशिरा आला.

बरे होण्याची मोजणी

डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब तपासून मला उतरत्या मात्रेत स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओग्राम काढला. २००० हर्ट्झला २०, ३००० ला २५ आणि ४००० ला ३५. बायको म्हणाली, ‘‘बघ, गोळ्यांनी काम केलं.’’ मीही मान हलवली. पण त्या मान हलवण्याला काही आधार नव्हता, कारण गोळी न घेतलेला माझा दुसरा डावा कान कुठेच अस्तित्वात नव्हता.

ही अडचण प्रथम नीट मांडली गेली ती स्टॅनफर्ड विद्यापीठात. डग्लस मॅटॉक्स आणि ब्लेअर सिमन्स यांनी १९७७ मध्ये या आजाराच्या स्वाभाविक वाटचालीचा अभ्यास छापला. त्यांचे निरीक्षण असे, की सुमारे ६५ टक्के रुग्णांचे ऐकणे कामापुरते परत आले, आणि कोणता उपचार केला याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. याचा अर्थ असा, की साखरेची गोळी देणारा वैद्यही तीनपैकी दोन रुग्ण ‘बरे’ करून दाखवू शकेल. तापानंतरच्या कानावर इतक्या प्रकारचे उपाय लागू पडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्याचे एक कारण हे आहे.

मग १९८० मध्ये विल्सन, बिल आणि लेअर्ड या तिघांनी योग्य ती चाचणी केली. बहिरेपणा सुरू होऊन दहा दिवसांच्या आत आलेले ६७ रुग्ण त्यांनी घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ३३ जणांना स्टेरॉइड दिले आणि ३४ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. स्टेरॉइडच्या गटात ६१ टक्के सुधारले, दुसऱ्या गटात ३२ टक्के. जवळजवळ दुप्पट. या एका निबंधाने पुढची कित्येक दशके जगभरच्या डॉक्टरांचा हात स्टेरॉइडकडे नेला.

आता तुम्ही वहीत गणित करा. ३३ चे ६१ टक्के म्हणजे २० माणसे. ३४ चे ३२ टक्के म्हणजे ११. सगळा फरक नऊ माणसांवर उभा आहे. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की औषध न मिळालेल्या गटातले ३२ टक्के हे स्टॅनफर्डच्या ६५ टक्क्यांच्या निम्मे आहेत. आपोआप बरे होण्याचे प्रमाण तीन वर्षांत अर्धे कसे झाले? रुग्ण बदलले, आणि ‘बरे होणे’ याची व्याख्याही बदलली. एकाने कामापुरते ऐकू येणे धरले. दुसऱ्यांनी गेलेल्या ऐकण्यापैकी निदान अर्धे परत येणे ही अट घातली. प्रयोगशाळेत दोन गटांची मापे ताडून पाहताना मापक एकच आहे ना, हे आपण आधी बघतो. इथे तो एकच नव्हता.

त्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि रुग्णाच्या दृष्टीने मला ती जास्त मोलाची वाटते. ज्यांची घट फक्त मधल्या सुरांपुरती होती, ते औषध मिळो वा न मिळो, सुधारले. ज्यांचा कान जवळजवळ पूर्ण गेला होता, त्यांना औषधाचा फायदा दिसला नाही. फरक पडला तो मधल्या तीव्रतेच्या रुग्णांत. म्हणजे पहिल्या दिवसाचा ऑडिओग्राम हाच पुढच्या वाटेचा बराचसा अंदाज सांगतो. पुढे १९८४ मध्ये बिल यांनी आपल्या आठ वर्षांच्या रुग्णांचा आढावा घेतला. त्यातही तीव्रता, वय, सोबत भोवळ असणे आणि सुरुवातीपासून किती दिवस गेले या गोष्टी निर्णायक ठरल्या. यांपैकी पहिल्या तीन आपल्या हातात नसतात.

प्रश्न तिथे मिटला नाही. स्वीडनमध्ये १०३ रुग्णांवर पुन्हा तशीच चाचणी झाली आणि २०१२ मध्ये छापली गेली. रुग्ण आठवड्याच्या आत घेतले होते. तीन महिन्यांनी स्टेरॉइडच्या गटाची सरासरी सुधारणा सुमारे ३९ डेसिबल होती आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटाची सुमारे ३५. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. त्यातला ३५ हा आकडा लक्षात ठेवा. काहीही औषध न घेतलेल्या कानांची ती सरासरी आहे. त्यानंतर जर्मनीत ३२५ रुग्णांवर चाचणी झाली. मात्रा खूप वाढवली तर जास्त फायदा होतो का, हा तिचा प्रश्न होता. तिचे उत्तर २०२४ मध्ये आले : होत नाही. विषाणूचा संशय असल्याने विषाणुरोधक औषधेही वेगवेगळ्या ठिकाणी देऊन पाहिली होती. त्यांचाही उपयोग दिसला नाही, म्हणून अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ती नेहमीची म्हणून देऊ नयेत असे सांगतात.

त्याच सूचनांच्या २०१९ च्या आवृत्तीत स्टेरॉइडबद्दलचे शब्द फार तोलून वापरलेले आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टर स्टेरॉइड देऊ शकतात, असे त्या म्हणतात. दिलेच पाहिजे असे म्हणत नाहीत. पुरेसे ऐकू आले नाही, तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून मध्यकर्णात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची शिफारस आहे. उपचार संपल्यावर आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा ऑडिओग्राम काढायचा. पुरावा इतका डळमळीत असताना घाई कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण औषधाचा फायदा असलाच, तर तो या पहिल्या दिवसांतच आहे. नंतर तो शोधायलाही जागा उरत नाही. पण घाई डॉक्टरांकडे जाण्याची करायची, दुकानातून गोळ्या आणण्याची नव्हे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस आपल्याकडे किती पसरला, हे तुम्ही पाहिलेले आहे.

कोविडने काय नवे दाखवले

ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एका ४५ वर्षांच्या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला दमा होता. कोविडमुळे तो ३० दिवस श्वासनलिकेत नळी घालून अतिदक्षता विभागात होता. नळी काढून तो सामान्य कक्षात आल्यावर आठवड्याभराने त्याचा डावा कान वाजू लागला आणि मग ऐकू येईना. घट २००० हर्ट्झला ६५ पासून ६००० ला ८५ डेसिबलपर्यंत होती. एमआरआयमध्ये काही सापडले नाही. गोळ्या आणि नंतर कानातली इंजेक्शने यांनी त्याला अंशतः फायदा झाला. वर जे वाचले त्यावरून ‘यांनी’ हा शब्द किती सांभाळून घ्यायचा, हे तुम्हाला कळलेच आहे.

पुढच्या वर्षी बोस्टनच्या परिसरातल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने शोध घेतला. अन्य कारणाने झालेल्या शस्त्रक्रियेत काढलेला माणसाच्या अंतर्कर्णाचा तुकडा त्यांनी तपासला. कोविडचा विषाणू ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते एसीई-२ तिथे आढळले, आणि बशीत ठेवलेल्या त्या पेशींना विषाणूची लागणही झाली. हे घडू शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. किती जणांत घडते, ते बशी सांगत नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नाची कथा मँचेस्टरची आहे. तिथल्या केव्हिन मन्रो यांच्या गटाने २०२१ मध्ये तोवरच्या अभ्यासांची बेरीज केली. कोविडच्या रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांनी ऐकणे कमी झाल्याचे आणि १४.८ टक्क्यांनी कान वाजत असल्याचे सांगितले होते. वर्तमानपत्रांनी हे आकडे उचलले. ही माहिती बहुतेक रुग्णांच्या सांगण्यावरची आहे आणि तुलनेचे गट नाहीत, अशी लेखकांनी दिलेली ताकीद मात्र मागे पडली. मग त्याच गटाने प्रत्यक्ष मोजमाप केले. कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेले लोक आणि दुसऱ्या आजारासाठी राहून आलेले लोक, दोघांचे कान सारख्याच यंत्रांवर तपासले. २०२३ च्या निष्कर्षात कोविडच्या गटाचे ऐकणे वेगळे आढळले नाही.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अचानक आलेला बधिरपणा इतका दुर्मीळ असतो, की थोड्या लोकांच्या गटात तो सापडणारच नाही. त्यासाठी लाखोंची नोंद लागते. दक्षिण कोरियात २० ते ३९ वयाच्या ६७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोविड झालेल्यांत अशा बधिरपणाचा धोका सुमारे साडेतीनपट दिसला. हे वय जवळजवळ तुमचेच आहे. पण अतिशय लहान संख्येची साडेतीनपटही लहानच राहते, हे विसरू नका.

शिटीचे काय?

कान वाजण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज नोंदवला. आवाज खोलीत नव्हता. कानाकडून येणारा संदेश मंदावला, की मेंदू आपल्या वाटेवरचे प्रवर्धन वाढवतो, असे सध्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. रेडिओवर केंद्र सापडेना, की आपण आवाज वाढवतो आणि खरखर मोठी होते, तसे हे आहे. विलगीकरणाच्या शांत खोलीत पडून, काळजीने स्वतःच्या शरीराकडे कान लावलेल्या माणसाला पूर्वीचीच बारीक शिटी नवी वाटू शकते. म्हणून ऑडिओग्राम आधी हवा. तो सपाट आणि चांगला आला, तर धोका खूपच कमी.

घट खरोखर झालेली असेल, तर ऐकणे परतताना शिटीही बरेचदा मंद होते. ऐकणे अर्धवट परतले, तर ती उरते, पण बहुतेकांचे तिच्याकडचे लक्ष काही महिन्यांत कमी होत जाते. नाडीच्या ठेक्यात वाजणारा आवाज, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा उभे राहू न देणारी भोवळ या गोष्टी मात्र या टिपणात बसत नाहीत. त्यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

माझा सहा महिन्यांचा ऑडिओग्राम तीन महिन्यांसारखाच आला. ४००० हर्ट्झला अजून ३५ आहे. रात्री पंखा बंद असेल तर शिटी ऐकू येते, चालू असेल तर नाही. हल्ली तास घेताना प्रश्न विचारणारा मुलगा डावीकडे बसलेला असेल, तर मी नकळत मान वळवतो. वर्गातल्या एकीने विचारले, तेव्हा मी तिला नादकाटा आणून कपाळावर टेकवायला दिला.